उसन्या करंटचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकांनी मला हाक मारली. "सर, एवढं जरा बघा," म्हणत त्यांनी भिंतीवरच्या प्लगकडे बोट दाखवलं. जत्रेतल्या एका स्टॉलवरून घेतलेला प्लास्टिकचा डबा तिथे लावलेला होता आणि त्यावर हिरवा दिवा जळत होता. डबा लावला की लाइट बिल तिसऱ्या हिश्श्याने कमी होईल, असं विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं. त्यानंतर दोन बिलं आली आणि दोन्ही पूर्वीइतकीच होती.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवतो. असे डबे मी याआधीही उघडून पाहिले होते. याही डब्यात तेच निघालं: एक छोटा कपॅसिटर, साधारण पाच मायक्रोफॅरडचा, आणि दिव्यासाठी दोनचार सुटे भाग. कपॅसिटर खरा होता आणि त्यामागचं शास्त्रही खरं आहे. कारखान्यांमध्ये मोटारींना समांतर कपॅसिटर लावतात तो याच कारणासाठी. फक्त तो किती मोठा हवा हे मोटार मोजल्याशिवाय ठरत नाही, आणि त्याने नेमकं काय वाचतं हे डबा विकणाऱ्याने सांगितलेलं नव्हतं. काकांना म्हटलं, रविवारी दळण कमी असतं तेव्हा आपण तुमची मोटार मोजू.

तीन आकडे

काकांची मोटार दोन हॉर्सपॉवरची, सिंगल फेज, कपॅसिटर-स्टार्ट जातीची. म्हणजे सुरू होताना तिला एक कपॅसिटर मदत करतो आणि मोटारीने वेग घेतला की आतला स्विच त्याला सर्किटमधून बाजूला काढतो. चालू मोटारीला मग कपॅसिटरचा काहीही आधार नसतो.

मोजायला तीन गोष्टी लागतात: व्होल्टेज, करंट आणि वॉट. व्होल्टेज मल्टिमीटरने घेतलं, २३० व्होल्ट. पेटीत ज्वारी ओतून गिरणी नेहमीसारखी चालू केली आणि मोटारीच्या फेजच्या एका वायरभोवती टाँग टेस्टर अडकवला. आकडा आला ११.५ अँपिअर. टाँग टेस्टर एकाच वायरभोवती घ्यावा लागतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्या जबड्यात आल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्याजवळ जातो.

वॉट मोजायला वेगळं यंत्र आणायची गरज नव्हती. वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं, काकांच्या मीटरवर होतं तसं: 3200 imp/kWh. याचा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज वापरली गेली. बाकीचे दिवे आणि पंखा बंद केला, मोबाइलवर तीन मिनिटं लावली आणि मोजलं: २९६ वेळा. २९६ ला ३२०० ने भागलं की ०.०९२५ युनिट. तीन मिनिटं म्हणजे तासाचा विसावा भाग, म्हणून त्याची वीसपट, १.८५ किलोवॉट. मोटार १८५० वॉट घेत होती.

आता व्होल्ट गुणिले अँपिअर करून पाहू. २३० गुणिले ११.५ म्हणजे २६४५. वायरीतून वाहणाऱ्या करंटचा हिशेब २६४५ चा आहे आणि मीटर मात्र १८५० मोजतो. १८५० भागिले २६४५ म्हणजे ०.७०. या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात. दोन्ही यंत्रं बरोबर आहेत. मधला फरक कुठे गेला, हे समजलं की पुढची सगळी आकडेमोड सोपी होते.

मोटारीची उसनवारी

मोटार फिरते ती चुंबकीय क्षेत्रामुळे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करते आणि प्रत्येक आवर्तनात वाइंडिंगमधलं क्षेत्र दोनदा उभं राहतं व दोनदा विरतं. ते उभं करायला ऊर्जा लागते. विरताना तीच ऊर्जा लाइनमध्ये परत येते. ही ऊर्जा पीठ दळत नाही, उष्णताही देत नाही. ती उसनी घेतली जाते आणि परत केली जाते, सेकंदाला शंभर वेळा. महिन्याअखेर मीटरमध्ये तिची बेरीज शून्य असते. पण घेताना आणि परत करताना ती ज्या वायरीतून जाते, त्या वायरीत तिचा करंट खरोखर वाहतो.

म्हणून मोटारीच्या ११.५ अँपिअरमध्ये दोन भाग आहेत. एक कामाचा करंट, तो व्होल्टेजच्या तालावर चालतो. दुसरा उसना करंट, तो व्होल्टेजच्या पाव आवर्तन मागे असतो. आपल्याकडे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे उसना करंट ५ मिलिसेकंदांनी मागे. दोघे एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाहीत, त्यामुळे त्यांची साधी बेरीज होत नाही. पाव आवर्तनाचा फरक म्हणजे काटकोन, आणि काटकोन आला की शाळेतला पायथागोरसचा नियम लागू होतो. एकूण करंट हा कर्ण, कामाचा आणि उसना या दोन बाजू.

कामाचा करंट थेट निघतो: १८५० भागिले २३०, म्हणजे ८.०४ अँपिअर. उसन्यासाठी ११.५ च्या वर्गातून ८.०४ चा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्यायचं. उत्तर येतं ८.२२ अँपिअर. काकांच्या मोटारीत उसना करंट कामाच्या करंटपेक्षाही थोडा जास्त होता.

आता कपॅसिटर. तोही सेकंदाला शंभर वेळा ऊर्जा साठवतो आणि परत करतो, पण त्याचा करंट व्होल्टेजच्या पाव आवर्तन पुढे असतो. मोटारीचा उसना करंट ५ मिलिसेकंद मागे, कपॅसिटरचा ५ मिलिसेकंद पुढे. दोघांत १० मिलिसेकंदांचं, म्हणजे बरोबर अर्ध्या आवर्तनाचं अंतर पडतं आणि ते नेमके उलटे होतात. मोटार ज्या क्षणी ऊर्जा मागते त्याच क्षणी कपॅसिटर देत असतो, आणि मोटार परत करते तेव्हा तो घेत असतो. वाटीभर साखर उसनी लागली तर बाजारात जायला नको, शेजारच्या दारातून मिळते, तसं हे आहे. मोटारीची गरज तेवढीच राहते. लांबच्या वायरींतून चाललेली ये-जा मात्र मोटार आणि कपॅसिटर यांच्यामधल्या हातभर वायरीत उरते.

कपॅसिटर समांतरच का जोडायचा, तेही यातून कळतं. समांतर जोडला तर मोटारीला तिचं २३० व्होल्ट तसंच मिळतं आणि तिच्या चालण्यात काही बदल होत नाही. तो मोटारीच्या रांगेत, म्हणजे सिरीजमध्ये जोडला तर मोटारीवरचं व्होल्टेजच बदलेल.

किती मायक्रोफॅरड?

उसना करंट पूर्ण शून्यावर आणायचा नसतो. का, ते पुढे येईलच. कारखान्यांत साधारण ०.९५ पॉवर फॅक्टर हे लक्ष्य धरतात. ०.९५ ला उसना करंट कामाच्या करंटच्या एकतृतीयांशाइतका असतो, नेमकं सांगायचं तर ०.३३ पट. काकांच्या मोटारीसाठी ८.०४ च्या ०.३३ पट म्हणजे २.६४ अँपिअर. आज आहे ८.२२, हवा आहे २.६४. उरलेले ५.५८ अँपिअर कपॅसिटरने द्यायचे.

कपॅसिटर किती करंट घेतो, ते तीन गोष्टींवर ठरतं: त्याची क्षमता, व्होल्टेज आणि आवर्तनं. त्यावरून सूत्र असं होतं:

C = I / (2 × π × f × V)

यात f म्हणजे ५० आणि V म्हणजे २३०. आपल्या घरगुती पुरवठ्यासाठी यातून एक आकडा पाठ करून ठेवण्यासारखा निघतो: एक मायक्रोफॅरड ०.०७२३ अँपिअर घेतो. ५.५८ ला ०.०७२३ ने भागलं की ७७ मायक्रोफॅरड.

७७ चा कपॅसिटर बाजारात मिळत नाही. पाण्याच्या पंपांच्या पॅनेलमध्ये ३६ आणि ७२ मायक्रोफॅरडचे, ४४० व्होल्ट एसीचे कपॅसिटर सर्रास वापरतात आणि ते कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. मी मुद्दाम एक ७२ चा न आणता ३६ चे पाच आणले. एकेक जोडत गेलो तर करंट कसा बदलतो, हे काकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून.

ज्वारी चालूच होती. प्रत्येक वेळी गिरणी बंद करायची, कपॅसिटर जोडायचा, पुन्हा चालू करायची आणि लाइनकडच्या वायरीवर टाँग टेस्टर लावायचा, असं करत गेलो.

कपॅसिटर नसताना ११.५ अँपिअर. एक जोडला, ९.८. दुसरा जोडला, ८.६. तिसऱ्याला ८.०५. चौथा जोडल्यावर आकडा वाढून ८.३ झाला. पाचव्याला ९.४.

काका आकडे खडूने भिंतीवर लिहीत होते. चौथ्याला त्यांनी विचारलं, "हे उलटं कसं काय?" तीन कपॅसिटर मिळून ७.८ अँपिअर देतात, म्हणजे मोटारीचा उसना करंट जवळजवळ पुरा झाला. चौथा आला की कपॅसिटरचाच करंट जास्त होतो. आता उरलेली उसनवारी कपॅसिटर लाइनकडून करू लागतो आणि वायरीला मोटारीचा उसना करंट काय आणि कपॅसिटरचा काय, सारखाच. याला पॉवर फॅक्टर लीडिंग झाला असं म्हणतात.

भिंतीवरचे आकडे आणखी एक गोष्ट सांगत होते. पहिल्या कपॅसिटरने १.७ अँपिअर कमी केले, दुसऱ्याने १.२ आणि तिसऱ्याने जेमतेम ०.५५. किंमत तिघांची सारखीच. त्रिकोणाची एक बाजू आखूड होत गेली की कर्ण दुसऱ्या बाजूच्या जवळ जातो आणि मग तो फारसा आखूड होत नाही. ०.९५ च्या पुढे खर्च वाढत जातो आणि फायदा आटत जातो.

थांबायचं कुठे

पण दोनवर थांबण्याचं खरं कारण खर्चाचं नाही.

कपॅसिटर मोटारीच्याच स्विचवर असेल तर मोटार बंद केल्यावरही दोघं एकमेकांना जोडलेले राहतात. दगड जड असतात, ते काही सेकंद फिरत राहतात. फिरणाऱ्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. कपॅसिटर पुरेसा मोठा असला तर तो मोटारीला लागणारा चुंबकाचा करंट पुरवतो आणि मोटार जनित्रासारखी वीज तयार करू लागते. स्विच बंद असताना टर्मिनलवर व्होल्टेज उभं राहतं, कधी लाइनच्या व्होल्टेजपेक्षाही जास्त. वाइंडिंगला, कपॅसिटरला आणि "बंद आहे" असं समजून हात घालणाऱ्या माणसाला ते धोक्याचं.

म्हणून नियम असा: कपॅसिटरचा करंट मोटारीच्या रिकाम्या चालण्यातल्या उसन्या करंटच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. हा करंटही मोजावा लागतो. आम्ही कपॅसिटर काढले, पट्टा उतरवला आणि नुसती मोटार फिरवली. करंट ७.१ अँपिअर. मीटरचा दिवा तीन मिनिटांत ५६ वेळा लुकलुकला, म्हणजे ३५० वॉट. कामाचा करंट १.५२, त्यावरून उसना ६.९. त्याचे ९० टक्के म्हणजे ६.२ अँपिअर.

दोन कपॅसिटर ५.२ अँपिअर घेतात, ते मर्यादेत बसतात. तिसरा आला की ७.८ होतात, ते बसत नाहीत. नेहमीच्या भारावर तिसऱ्या कपॅसिटरने सर्वांत कमी आकडा दाखवला होता, आणि तोच तिथे नको होता. म्हणून मोटार भारावर आणि रिकामी, दोन्ही वेळा मोजायची. भारावरच्या मोजमापाने गरज कळते आणि रिकाम्या मोजमापाने मर्यादा.

दोन कपॅसिटर, ७२ मायक्रोफॅरड, कायम झाले. पॉवर फॅक्टर ०.९४ वर आला. ०.९५ पेक्षा किंचित कमी, आणि ते ठीक आहे.

नुसत्या टाँग टेस्टरने

घरात फ्रीज चालू आहे, बाकीचं बंद करता येत नाही आणि दिवा मोजणं शक्य नाही, अशा वेळी नुसत्या टाँग टेस्टरनेही काम होतं. कोणताही एक कपॅसिटर तात्पुरता समांतर जोडायचा आणि तीन करंट घ्यायचे: कपॅसिटर नसतानाचा, कपॅसिटरच्या स्वतःच्या वायरीतला आणि दोन्ही मिळून लाइनमधला. काकांकडे ते ११.५, ५.२ आणि ८.६ होते. ११.५ मधून ५.२ गेले तर ६.३ राहायला हवेत असं वाटतं, पण लाइनमध्ये आहेत ८.६. त्रिकोणाचा नियम लावला की याच तीन आकड्यांतून उसना करंट निघतो. पहिल्या दोन करंटच्या वर्गांची बेरीज करायची, त्यातून तिसऱ्याचा वर्ग वजा करायचा आणि आलेल्या संख्येला कपॅसिटरच्या करंटच्या दुपटीने भागायचं.

११.५ चा वर्ग १३२.२५, ५.२ चा २७.०४. बेरीज १५९.२९. त्यातून ८.६ चा वर्ग ७३.९६ वजा, राहिले ८५.३३. त्याला १०.४ ने भागलं की ८.२ अँपिअर. दिव्याच्या मोजणीतून आम्हाला हाच आकडा मिळाला होता. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की मोजमाप बरोबर आहे असं समजावं. तिन्ही वाचनं मात्र एकाच भारावर आणि व्होल्टेज हललं नसताना घ्यायची.

मग बिल कमी झालं का?

दोन्ही कपॅसिटर जोडल्यावर मी काकांना म्हटलं, आता मीटरचा दिवा पुन्हा मोजा. त्यांनी तीन मिनिटं मन लावून मोजलं. २९६. करंट ११.५ वरून ८.६ वर आला होता आणि दिवा त्याच तालात लुकलुकत होता.

काकांचं बिल युनिटवर येतं. युनिट म्हणजे झालेलं काम, आणि पीठ तेवढंच दळलं गेलं. उसनी ऊर्जा मीटर आधीही धरत नव्हता, मग ती कमी करून बिल कसं कमी होणार? युनिटवर बिल येणाऱ्या घराला डबा विकणारे नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत. जत्रेतला डबा तर आणखीच अपुरा. त्यातले पाच मायक्रोफॅरड ०.३६ अँपिअर देतात. काकांच्या गिरणीचा करंट त्याने ११.५ वरून ११.२ वर आला असता. आणि गिरणी बंद असतानाही तो प्लगमध्ये उसनवारी करत बसला असता.

कमी होते ती वायरीतली उष्णता. ती करंटच्या वर्गाने वाढते. काकांचा मीटर मोटारीच्या भिंतीवरच आहे, म्हणून त्यांना फरक दिसला नाही. गिरणी मीटरपासून ६० मीटर लांब असती आणि मध्ये अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल असती, तर जायच्या-यायच्या १२० मीटर तारेचा रोध सुमारे ०.९ ओहम होतो. त्यात ११.५ अँपिअरला साधारण ११८ वॉट वाया जातात आणि ८.६ ला ६६. बावन्न वॉटची ही बचत मीटरच्या पुढची, म्हणजे बिलात दिसणारी. आठ तासांना चाळीस पैशांइतकं युनिट, ०.४. खरी बचत आहे, पण लहान आहे. आणि ती मिळायला कपॅसिटर मोटारीजवळ हवा. मीटरजवळ लावला तर उसना करंट केबलमधून जातच राहतो.

काकांनी तरीही कपॅसिटर ठेवले, कारण त्यांचं जुनं वायरिंग गरम होत होतं आणि दुपारी मेन स्विचला हात लावला की चटका बसायचा. तो त्रास थांबला.

मोठ्या ग्राहकाचा हिशेब वेगळा

वर्कशॉप किंवा कारखान्याची गोष्ट वेगळी आहे. १ एप्रिल २०२० पासून महावितरण उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॉटपेक्षा जास्त भाराच्या लघुदाब ग्राहकांना केव्हीएएचवर बिल देऊ लागली. केव्हीएएच म्हणजे त्रिकोणाचा कर्ण: उसनी ऊर्जाही त्यात धरलेली असते. इथे कपॅसिटर थेट बिलात दिसतो.

समजा थ्री फेज वर्कशॉपच्या मीटरवर ३० किलोवॉट आणि पॉवर फॅक्टर ०.७० दिसतो. तासाला ३० युनिट कामाला ४२.९ केव्हीएएच मोजले जातात. ०.९५ ला न्यायचं तर प्रत्येक किलोवॉटमागे ०.६९ केव्हीएआर लागतात, म्हणजे २०.७ केव्हीएआर. थ्री फेजचे कपॅसिटर मायक्रोफॅरडने नव्हे, केव्हीएआरने विकले जातात. इथे एक चूक नेहमी होते. ४४० व्होल्टचा २० केव्हीएआरचा कपॅसिटर आपल्या ४१५ व्होल्टवर २० देत नाही. केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो, म्हणून तो १७.८ च देतो. हवे असलेले २०.७ मिळवायला ४४० व्होल्टवर २५ लिहिलेला घ्यावा लागतो. तो २२.२ देतो, पॉवर फॅक्टर ०.९६ होतो आणि ४२.९ च्या जागी ३१.२ केव्हीएएच मोजले जातात.

मात्र जेवणाच्या सुट्टीत आठ किलोवॉटच चालू असले आणि कपॅसिटर पूर्ण जोडलेला राहिला, तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो. लीडिंगची उसनवारीही केव्हीएएचमध्ये धरली जाते. म्हणून भार बदलत असेल तिथे प्रत्येक मोठ्या मोटारीला तिचा स्वतःचा कपॅसिटर देतात, किंवा गरजेप्रमाणे टप्प्याटप्प्याने कपॅसिटर आत-बाहेर करणारं एपीएफसी पॅनेल बसवतात.

हा सगळा हिशेब मोटार, चोक, वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर अशा भारांसाठी आहे. एलईडी, संगणक, मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह यांचा करंट मुळातच वेड्यावाकड्या लहरींचा असतो. तिथे पॉवर फॅक्टर कमी असण्याचं कारण उसनवारी नसतं, त्यामुळे कपॅसिटरने तो सुधारत नाही. उलट त्या लहरी कपॅसिटरला तापवतात. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये तर कपॅसिटर कधीच लावू नये. ड्राइव्ह जळतो.

जोडताना

काकांच्या मोटारीच्या पाठीवर आधीच एक कपॅसिटर होता, सुरुवातीचा. "तसलाच आणखी एक लावू का?" असं त्यांनी विचारलं होतं. तसला मुळीच नको. सुरुवातीचा कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असतो आणि दोनचार सेकंदांसाठीच बनवलेला असतो. तो लाइनला कायम जोडला तर काही मिनिटांत तापून फुटतो. इथे हवा तो सतत चालण्यासाठी बनवलेला, प्लास्टिक फिल्मचा, ४४० व्होल्ट एसीचा.

तो स्टार्टरच्या काँटॅक्टरनंतर जोडला, म्हणजे मोटारीबरोबरच चालू आणि बंद होतो. पण ओव्हरलोड रिलेच्या आधी. रिलेच्या पुढे जोडला असता तर रिलेमधून ११.५ ऐवजी ८.६ अँपिअर गेले असते आणि मोटारीवर जादा भार आला तरी तो वेळेवर पडला नसता. तशी जोडणी करावीच लागली तर रिलेचं सेटिंग खाली आणायचं.

बंद केलेला कपॅसिटर भरलेला राहू शकतो. २३० व्होल्टची लाट टोकाला ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि नेमक्या त्या क्षणी स्विच उघडला तर तेवढं व्होल्टेज आत राहतं. म्हणून कपॅसिटरच्या दोन टोकांवर २२० किलोओहमचा, एक वॉटचा रेझिस्टर लावला. तो अर्ध्या मिनिटात ते ५० व्होल्टच्या खाली आणतो. तरीही हात लावण्याआधी मिनिटभर थांबायचं आणि मल्टिमीटरने खात्री करायची. पाचही कपॅसिटर एकेक जोडताना आम्ही प्रत्येक वेळी हेच केलं.

कपॅसिटर वर्षानुवर्षं तसाच राहत नाही. उष्णतेने आणि व्होल्टेजच्या चढउताराने त्याची क्षमता हळूहळू घटते. बाहेरून कधी डबा फुगलेला दिसतो, कधी काहीच दिसत नाही. ओळखायची खूण एकच: कपॅसिटरच्या वायरीवर टाँग टेस्टर लावायचा. ७२ मायक्रोफॅरडला २३० व्होल्टवर ५.२ अँपिअर यायला हवेत. ३.५ आले तर ४८ मायक्रोफॅरडच उरले आहेत आणि बदलायची वेळ झाली आहे.

काकांच्या भिंतीवरचे खडूचे बाकीचे आकडे पुसले गेले. एक त्यांनी नंतर ऑइल पेंटने लिहून घेतला आहे, स्टार्टरच्या शेजारी: कपॅसिटर ५.२. गेल्या महिन्यात दळण घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी आपणहून टाँग टेस्टर मागितला, वायरीवर लावला, आकडा पाहिला आणि परत दिला. "पाच पॉइंट एक," म्हणाले, आणि माझी गहू भरलेली पिशवी पेटीत रिकामी केली.